रीच मोठा म्हणजे पोस्ट यशस्वी? क्विझला बसण्याआधी हा हिशोब बघा

«रीच जास्त म्हणजे पोस्ट यशस्वी. एंगेजमेंट रेट म्हणजे लाईक भागिले फॉलोअर. कन्व्हर्जन रेट २ टक्क्यांच्या खाली गेला की जाहिरात बंद करा. क्विझला एवढं पाठ असलं की पुरे.»

सोशल मीडिया मार्केटिंगच्या क्विझची तयारी करणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या ग्रुपवर हा मेसेज जोरात फिरतोय. यातले तिन्ही नियम पाठ करून कुणी क्विझला बसू नये आणि दुकानाच्या पेजवर तर ते अजिबात वापरू नयेत.

आधी रीच. पोस्ट किती वेगवेगळ्या अकाउंटना दिसली, तो आकडा म्हणजे रीच. एकाच माणसाने तीनदा पाहिली तर रीच एक आणि इम्प्रेशन्स तीन. म्हणूनच सोमवारचा रीच आणि मंगळवारचा रीच यांची बेरीज म्हणजे दोन दिवसांचा रीच नव्हे; दोन्ही दिवशी पाहणारा माणूस त्यात दोनदा मोजला जातो. क्विझमध्ये नेमकं इथेच पकडतात.

आता एक हिशोब मांडू. समजा, बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे आणि त्याच्या पेजला २,००० फॉलोअर आहेत. पहिली रील चालत्या गाण्यावर केली, साड्या नुसत्या झळकल्या. रीच १२,०००, लाईक, कमेंट, सेव्ह, शेअर मिळून एंगेजमेंट ३६०. दुसऱ्या रीलमध्ये काठ जवळून दाखवला, किंमत सांगितली, खाली मराठी आणि कन्नड दोन्हींत मजकूर दिला. रीच १,५००, एंगेजमेंट १२०.

फॉलोअरने भागलं तर पहिली १८ टक्के, दुसरी ६ टक्के. रीचने भागलं तर पहिली ३ टक्के, दुसरी ८ टक्के. आकडे तेच, पण निकाल उलटला! एंगेजमेंट रेट फॉलोअरवर, रीचवर किंवा इम्प्रेशन्सवर काढतात आणि तिन्ही पद्धती वापरात आहेत. त्यामुळे प्रश्नात छेद कुठला दिलाय ते आधी वाचा. आणि अंशात फक्त लाईक घेऊन भागवू नका. दुसऱ्या रीलखाली "अक्का, निपाणीला पाठवता का?" अशी कमेंट येते, कुणी दिवाळीसाठी म्हणून रील सेव्ह करून ठेवतं. दुकानदाराच्या दृष्टीने ही कमेंट दहा लाईकपेक्षा मोलाची, कारण विचारणारा गिऱ्हाईक आहे. माझं मत विचाराल तर दोन रील ताडून बघताना रीचवरचाच रेट घ्यावा. फॉलोअरने भागलं की अनोळखी प्रेक्षकांत पसरलेली रील उगाचच भारी दिसते. तसं झालंय का, हे इनसाइट्समध्ये कळतं: पाहणाऱ्यांत फॉलोअर किती आणि बाहेरचे किती, ते तिथे दिसतं.

पुढचा आकडा कन्व्हर्जनचा. पहिल्या रीलवरून ६० जणांनी लिंक उघडली, ऑर्डर आली १. दुसरीवरून ४५ जणांनी उघडली, ऑर्डरी ९. ऑर्डरी भागिले क्लिक, गुणिले १००: पहिलीचा रेट सुमारे १.७ टक्के, दुसरीचा २० टक्के. क्लिक एवढे थोडे असताना या आकड्यांना फार घट्ट धरू नये, हेही खरं. पहिल्या रीलला आणखी एकच ऑर्डर आली असती तर तिचा रेट थेट दुप्पट झाला असता. शिवाय आपल्याकडे बरंच गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून "हीच पाहिजे" म्हणतं नाहीतर सरळ फोन करतं. त्या ऑर्डरी वेबसाइटच्या मोजणीत येतच नाहीत. वहीत "रील बघून" अशी नोंद ठेवली नाही, तर खरा रेट कधीच कळणार नाही.

राहिला २ टक्क्यांचा नियम, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. कारण त्यात क्लिकला किती पैसे पडले आणि एका ऑर्डरमागे किती सुटतात, याचा पत्ताच नाही. धरा, जाहिरातीत एक क्लिक ४ रुपयांना पडतो आणि रेट फक्त १ टक्का आहे. म्हणजे १०० क्लिकमागे एक ऑर्डर, तिच्यावर जाहिरातीचा खर्च ४०० रुपये. साडीमागे ९०० रुपये सुटत असतील तर ५०० हातात राहिले. मेसेजचं ऐकून ही जाहिरात बंद करणं म्हणजे चालता धंदा थांबवणं. आता त्याच ४ रुपयांच्या क्लिकवर कुंदा विका, डब्यामागे ६० रुपये सुटतात असं धरा. रेट ५ टक्के आला तरी २० क्लिकमागे एक डबा, म्हणजे खर्च ८० रुपये आणि प्रत्येक डब्यावर २० रुपये तोटा.

प्रत्येक मालाची आपली ना नफा ना तोट्याची रेषा असते आणि ती काढायला सोपी आहे: एका क्लिकचा खर्च भागिले एका ऑर्डरमागचा नफा, गुणिले १००. साडीसाठी ती ०.४४ टक्के येते, कुंद्यासाठी ६.६७ टक्के. क्विझमध्ये "चांगला कन्व्हर्जन रेट किती?" असं विचारून पर्यायांत २ टक्के दिलेले असतील आणि शेजारी "माल, नफा आणि क्लिकच्या खर्चावर अवलंबून" असाही पर्याय असेल, तर दुसऱ्यावरच खूण करा.