साहाय्यकारी एकच हलतं: प्रश्नार्थी वाक्याच्या ‘सोप्या सूत्रा’चा प्रतिवाद

“इंग्रजी वाक्याचा प्रश्न करायला व्याकरण लागत नाही. ‘इज’, ‘आर’, ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’, ‘बीन’ असे जेवढे शब्द दिसतील तेवढे सगळे उचला, वाक्यातल्या पहिल्या शब्दाच्या आधी नेऊन ठेवा आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्या. ‘हॅज’ दिसलं की हेच करायचं, बाकी काही बघायचं नाही. कुठल्याही काळाला चालतं.”

हे सूत्र इतकं पसरलं, कारण सुरुवातीच्या वाक्यांवर ते खरोखर चालतं. ‘ही इज रीडिंग’चं ‘इज ही रीडिंग?’ होतं, ‘दे हॅव लेफ्ट’चं ‘हॅव दे लेफ्ट?’ होतं. या वाक्यांत साहाय्यकारी क्रियापद एकच आहे आणि कर्ताही एकाच शब्दाचा आहे. त्यामुळे ‘सगळी उचला’ आणि ‘पहिलंच उचला’ या दोन अगदी वेगळ्या नियमांचं उत्तर सारखंच येतं. वहीत बरोबरच्या खुणा पडत जातात आणि त्या खुणांच्या जोरावर चुकीचा नियम डोक्यात पक्का बसतो. पुढे चालू पूर्ण काळ आला की तोच विद्यार्थी अडखळतो, आणि दोष त्याच्या ‘कच्च्या इंग्रजी’ला दिला जातो. हे मला मुळीच पटत नाही. तो शिकवलेला नियम इमानदारीने लावत असतो.

आधी ‘सगळे उचला’ हा भाग घेऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. वाक्य आहे ‘शी हॅज बीन वर्किंग हिअर’. सूत्र लावलं तर ‘हॅज बीन शी वर्किंग हिअर?’ असं काहीतरी तयार होतं, आणि इंग्रजीत अशी रचना होतच नाही. बरोबर प्रश्न ‘हॅज शी बीन वर्किंग हिअर?’ असा आहे. ‘हॅज’ पुढे गेलं, ‘बीन’ जागच्या जागी राहिलं.

असं का, हे दहावीस वाक्यं घोकण्यापेक्षा एकदा नीट पाहावं. कर्ता बदलून बघा. ‘शी’च्या जागी ‘दे’ घातलं की ‘हॅज’चं ‘हॅव’ होतं. वाक्य भूतकाळात नेलं की त्याचं ‘हॅड’ होतं. या सगळ्यात ‘बीन’ मात्र तसंच राहतं, ‘वर्किंग’ही तसंच राहतं. म्हणजे कर्त्याशी आणि काळाशी थेट नातं फक्त पहिल्या साहाय्यकारीचं आहे. ‘बीन’ हे तिसरं रूप तिथे आलं ते आधीच्या ‘हॅज’मुळे, आणि ‘वर्किंग’ला ‘आयएनजी’ लागलं ते आधीच्या ‘बीन’मुळे. प्रत्येक शब्द आपल्या आधीच्या शब्दाने बांधलेला आहे. प्रश्न करताना कर्त्याशी जोडलेलं पहिलं साहाय्यकारी तेवढं कर्त्याला ओलांडून पुढे येतं, बाकीची रांग जशीच्या तशी राहते.

एक वाक्य पूर्ण सोडवून बघू. ‘द चिल्ड्रन हॅव बीन प्लेइंग इन द गार्डन फॉर टू अवर्स.’ आधी कर्ता ठरवायचा: ‘द चिल्ड्रन’, दोन्ही शब्द मिळून. मग त्याच्या लगेच नंतरचं साहाय्यकारी: ‘हॅव’. ते पुढे घ्यायचं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. उत्तर: ‘हॅव द चिल्ड्रन बीन प्लेइंग इन द गार्डन फॉर टू अवर्स?’

याच वाक्यावर नेहमी दिसणाऱ्या तीन चुका आहेत आणि तिन्हींची मुळं वेगवेगळी आहेत. ‘हॅव बीन द चिल्ड्रन प्लेइंग’ ही वरच्या सूत्राचीच देणगी. ‘हॅव द चिल्ड्रन प्लेइंग’ यात ‘बीन’ गळालं आहे. मुलाला वाटतं की ‘हॅव’ हललं तेव्हा त्याच्या जोडीचा शब्दही संपला. ‘डू द चिल्ड्रन हॅव बीन प्लेइंग’ ही साध्या वर्तमानकाळातली सवय इथे घुसलेली आहे. तपासायचा मार्ग सोपा आहे: शब्द मोजायचे. मूळ वाक्यात 11 शब्द आहेत, प्रश्नातही 11 च हवेत. ‘बीन’ गळालं तर 10 भरतात, ‘डू’ घुसलं तर 12. पहिली चूक मात्र मोजणीत सापडत नाही, तिथे शब्द 11 च राहतात. तिच्यासाठी दुसरी खूण आहे: पहिल्या साहाय्यकारीनंतर लगेच कर्ता सुरू झाला पाहिजे, मध्ये दुसरं साहाय्यकारी येता कामा नये.

हीच गोष्ट पूर्ण भविष्यकाळात आणखी ठळक दिसते. ‘दे विल हॅव फिनिश्ड बाय फाइव्ह’चा प्रश्न ‘विल दे हॅव फिनिश्ड बाय फाइव्ह?’ असा होतो. इथे ‘हॅव’ डोळ्यांसमोर असूनही ते हलत नाही, कारण पहिला मान ‘विल’चा आहे. कर्मणी प्रयोगातही तेच: ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’चं ‘इज द रोड बीइंग रिपेअर्ड?’

नकारार्थी वाक्यात एक बारकावा आहे. ‘शी हॅज नॉट बीन स्लीपिंग वेल’चा प्रश्न ‘हॅज शी नॉट बीन स्लीपिंग वेल?’ असा करता येतो, तिथे ‘नॉट’ मागे राहतं. पण जोडरूप वापरलं तर ‘हॅजन्ट शी बीन स्लीपिंग वेल?’ असं होतं, कारण ‘हॅजन्ट’ हा एकच शब्द झाला आणि तो अख्खा हलतो. बोलण्यात हेच दुसरं रूप जास्त ऐकू येतं. ‘हॅज नॉट शी’ असं मात्र आजच्या इंग्रजीत लिहू नये.

आता ‘पहिल्या शब्दाच्या आधी’. इथे गंमत अशी की सूत्र सुधारून ‘डावीकडून पहिलं दिसणारं साहाय्यकारी उचला’ असं केलं, तरी ते पुरत नाही. हे वाक्य बघा: ‘द बॉइज हू आर वेटिंग आउटसाइड हॅव फिनिश्ड देअर टेस्ट.’ डावीकडून पहिलं साहाय्यकारी ‘आर’ आहे. ते उचललं तर ‘आर द बॉइज हू वेटिंग आउटसाइड हॅव फिनिश्ड देअर टेस्ट?’ असा गोंधळ होतो. ‘आर’ हे ‘हू’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यातलं आहे. ते उपवाक्य कोणते मुलगे एवढंच सांगतं, आणि म्हणून ते कर्त्याचाच भाग आहे. आपल्याला हवं आहे मुख्य वाक्याचं पहिलं साहाय्यकारी, म्हणजे ‘हॅव’.

ते ओळखायचं कसं? अख्ख्या कर्त्याच्या जागी एक सर्वनाम ठेवून बघायचं. ‘द बॉइज हू आर वेटिंग आउटसाइड’ एवढ्या सगळ्याच्या जागी ‘दे’ चपखल बसतं. उरतं ‘दे हॅव फिनिश्ड देअर टेस्ट’. त्याचा प्रश्न कोणीही करेल: ‘हॅव दे फिनिश्ड देअर टेस्ट?’ मग ‘दे’ काढून लांबलचक कर्ता परत ठेवायचा: ‘हॅव द बॉइज हू आर वेटिंग आउटसाइड फिनिश्ड देअर टेस्ट?’ ऐकायला लांब वाटतं, पण बरोबर आहे. नवशिक्यांना मी तर आधी पेन्सिलने कर्त्याभोवती चौकट काढायला सांगेन आणि मगच प्रश्नाकडे वळू देईन.

वाक्याची सुरुवात कर्त्याने होतेच असंही नाही. ‘लास्ट नाइट इट वॉज रेनिंग’ यात पहिले दोन शब्द वेळ सांगतात, कर्ता ‘इट’ आहे. ‘वॉज लास्ट नाइट इट रेनिंग?’ असं होत नाही. ‘वॉज इट रेनिंग लास्ट नाइट?’ असं होतं, वेळेचे शब्द शेवटी जातात.

‘हॅज दिसलं की हेच करायचं’ हा सल्ला ‘शी हॅज टू ब्रदर्स’ या वाक्यापाशी कोसळतो. इथे ‘हॅज’ कोणाला साहाय्य करत नाही. जवळ असणं, नात्यात असणं हा अर्थ सांगणारं ते मुख्य क्रियापदच आहे. प्रश्न होतो ‘डज शी हॅव टू ब्रदर्स?’ जुन्या ब्रिटिश वळणात ‘हॅज शी टू ब्रदर्स?’ असंही आढळतं, पण शिकणाऱ्याने ‘डज’चं रूपच धरावं. ‘शी हॅज टू गो’ म्हणजे तिला जावं लागतं, त्याचंही ‘डज शी हॅव टू गो?’ होतं.

फरक ओळखायला ‘हॅज’च्या पुढच्या शब्दाकडे बघावं. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल, म्हणजे ‘गॉन’, ‘फिनिश्ड’, ‘बीन’, तर ते साहाय्यकारी. पुढे नाम असेल किंवा ‘टू’ आणि मूळ क्रियापद असेल, तर ते मुख्य क्रियापद. ‘ही हॅड हॅड हिज लंच’ या वाक्यात दोन्ही एकत्र भेटतात. पहिलं ‘हॅड’ साहाय्यकारी, दुसरं ‘हॅड’ मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणून ‘हॅड ही हॅड हिज लंच?’ हा प्रश्न बरोबर आहे. एक ‘हॅड’ चुकून जास्त पडलं असं समजून ते खोडून टाकणारे पुष्कळ असतात.

जोडरूपांतही हीच नजर उपयोगी पडते. ‘शीज फिनिश्ड हर होमवर्क’ मधला ‘ज’ हा ‘हॅज’चा आहे, ‘शीज फिनिशिंग हर होमवर्क’ मधला ‘इज’चा. पुढचं रूप बघितल्याशिवाय हे सांगताच येत नाही, आणि प्रश्न करताना तर ते उलगडून पूर्ण लिहावंच लागतं: एकदा ‘हॅज शी फिनिश्ड’, एकदा ‘इज शी फिनिशिंग’. ‘हीड’चंही तसंच. ‘हीड फिनिश्ड’ असेल तर ‘हॅड’, ‘हीड फिनिश’ असेल तर ‘वुड’. ‘बाकी काही बघायचं नाही’ असं सांगितलेला विद्यार्थी इथे नक्की अडकणार.

राहिलं ‘कुठल्याही काळाला’. ‘शी वर्क्स हिअर’ आणि ‘शी वर्क्ड हिअर’ या साध्या काळांच्या वाक्यांत उचलायला साहाय्यकारीच नाही, म्हणून तिथे ‘डज’ आणि ‘डिड’ बाहेरून आणावं लागतं आणि क्रियापद मूळ रूपात जातं. पूर्ण आणि चालू काळांत साहाय्यकारी घरातच असतं, त्यामुळे तिथे ‘डू’चं काम नाही. या दोन्ही गोष्टी एकाच तासाला एकाच सूत्रात कोंबल्या की ‘डिड शी हॅज गॉन?’ सारखी वाक्यं जन्माला येतात. सरावासाठी वाक्यं निवडतानाच काळजी घेतली तर हे टळतं: पहिल्या पाचात निदान एकात दोन साहाय्यकारी असावीत, एकात तीन-चार शब्दांचा कर्ता असावा आणि एकात ‘हॅज’ मुख्य क्रियापद म्हणून यावं. अशा पाच वाक्यांवर कोणत्या विद्यार्थ्याच्या मनात कोणता नियम आहे ते पहिल्याच दिवशी कळतं.