चारशे नमुने आणि ‘शंभरपट’ रुग्णांचा हिशेब

कोरोनाचा विषय निघाला की आमच्या परभणीत आजही एक वाक्य हमखास ऐकू येतं, “खरे रुग्ण शंभरपट होते, सरकारनं आकडे दाबले.” यातला शंभरपटीचा भाग हवेतून आलेला नाही. आकडे दाबल्याचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. लोक हे पुन्हा पुन्हा बोलतात म्हणून सविस्तर लिहितोय.

मे-जून 2020 मध्ये आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशातल्या 70 जिल्ह्यांत रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली हे पाहणारं पहिलं सिरो सर्वेक्षण केलं. त्यात आपल्या मराठवाड्यातले बीड, परभणी आणि नांदेड हे तीन जिल्हे होते. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड निवडायचे, प्रत्येक ठिकाणी चाळीस घरं आणि घरातून एकच प्रौढ माणूस, अशी पद्धत होती. म्हणजे जिल्ह्याला साधारण चारशे नमुने. रक्तात कोरोनाविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे लागणीनंतर शरीरात तयार होणारी प्रथिनं, आहेत का, हे एलायझा या रक्तचाचणीनं पाहायचं. देशभरातल्या प्रौढांत हे प्रमाण निघालं 0.73 टक्के.

आता खरी अडचण. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेनं तयार केलेल्या ‘कोविड कवच’ या एलायझा किटची क्षमता तेव्हा अशी सांगितली होती: संसर्ग होऊन गेलेल्या शंभरातले सुमारे 92 जण ती ओळखते आणि संसर्ग न झालेल्या शंभरातल्या सुमारे 98 जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. ऐकायला उत्तमच वाटतं. पण समजा, एखाद्या जिल्ह्यात खरोखर 1 टक्का लोकांना लागण झालेली आहे. चारशेत असे चारच जण. किट त्या चौघांना पकडेल असं धरू. उरलेले 396 जण कोरे आहेत, पण त्यातल्याही दर शंभरात दोघांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणणार, म्हणजे आठ जण. एकूण पॉझिटिव्ह बारा, त्यातले आठ खोटे! कुणी थेट ‘जिल्ह्यात 3 टक्के लागण’ अशी बातमी दिली, तर ती तिप्पट फुगलेली असेल.

हीच चाचणी 20 टक्के लागण झालेल्या वस्तीत लावा. चारशेत 80 जण लागण झालेले, त्यातले 74 सापडतील, सहा सुटतील. कोऱ्या 320 मध्ये सहा-सात खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ऐंशीच्या आसपास, म्हणजे आकडा जवळपास बरोबर. किट तेच, चुकीचं प्रमाण तेच, पण साथ किती पसरली आहे यावर निकालाचा भरवसा बदलला. म्हणूनच पहिल्या फेरीत ‘कवच’वर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या कंपनीच्या एलायझावर पुन्हा तपासले आणि चाचणीची चूक हिशेबात धरून आकडा दुरुस्त केला. एवढं करूनही 64 लाख संसर्गांचा जो देशव्यापी अंदाज निघाला, त्याची खरी व्याप्ती 38 लाखांपासून 1 कोटी 12 लाखांपर्यंत होती. मधला एकच आकडा उचलून छापणं मला अप्रामाणिक वाटतं. आणि जिल्ह्याच्या चारशे नमुन्यांत एक-दोन पॉझिटिव्ह इकडचे तिकडे झाले तरी टक्का हलतो. बीडपेक्षा परभणी वाईट की नांदेड, ही तुलना त्या आकड्यांवर करूच नये.

मग शंभरपट कुठून आलं? अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे मे-जूनमध्ये घेतलेलं रक्त मेच्या सुरुवातीपर्यंतची लागण सांगतं. तिची तुलना 3 मेपर्यंतच्या नोंदींशी केली तर एका नोंदलेल्या रुग्णामागे 130 संसर्ग निघतात आणि 11 मेपर्यंतच्या नोंदींशी केली तर 82. सर्वेक्षण तेच, फक्त तारीख आठ दिवस सरकली. शंभरपट म्हणतात ते या दोहोंच्या मधलं.

ही तफावत लपवाछपवीशिवायही येते. तेव्हा स्वॅब घेण्याचे निकष अरुंद होते: प्रवास, संपर्क, लक्षणं, गंभीर श्वसनविकार. ज्याला काहीच त्रास झाला नाही किंवा ज्यानं दोन दिवस अंग दुखलं म्हणून गोळी घेतली आणि शेतावर गेला, तो नोंदीत येणार कसा? लॅब कमी होत्या, अनेक तालुक्यांतले नमुने दूर पाठवावे लागत. कुठे आकडे दाबलेही गेले असतील, ते वेगळं तपासावं. पण सिरो सर्वेक्षण त्याचा पुरावा नाही. न नोंदलेला माणूस लपवला गेला की त्याची तपासणीच झाली नाही, हे रक्त सांगू शकत नाही.

आणि हा गुणक कायमचाही नाही. ऑगस्ट-सप्टेंबर 2020 च्या दुसऱ्या फेरीत दहा वर्षांवरच्या लोकांत प्रमाण 6.6 टक्क्यांवर गेलं, तरी एका नोंदीमागचे संसर्ग 26 ते 32 वर उतरले होते, कारण दरम्यान तपासण्या कितीतरी वाढल्या. सप्टेंबरच्या रुग्णसंख्येला मेमधल्या 130 नं गुणणारा माणूस चौपट-पाचपट चुकतो. पुढच्या साथीत कुणी ‘इतके पट’ सांगितलं, तर किट कोणतं, नमुने किती आणि कोणत्या तारखेच्या नोंदींशी तुलना, हे तिन्ही त्याला विचारा.