पंधरा दिवसांच्या श्रावणाचा माझा फसलेला प्लॅन

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात श्रावण म्हणजे शिवराक, शुद्ध शाकाहार. नुस्तें, म्हणजे मासळी, बंद. आता हिशोब बघा, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणजे दोन महिने ताज्या बांगड्याचे वांधे, आणि 2024 मध्ये श्रावण लागला 5 ऑगस्टला. माझ्या वाट्याला किती दिवस आले? चार. त्या चार दिवसांत मी जे काय खाल्लं ते इथे लिहित नाही, पण 4 तारखेला आषाढ अमावस्या होती आणि वरून रविवार, यावरून अंदाज करा.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बनारसच्या भाभी राहतात. त्यांचा सावन 22 जुलैलाच सुरू झाला होता आणि 19 ऑगस्टला राखीच्या दिवशी संपला. 20 तारखेला भाभी जिन्यात म्हणाल्या, "भादों लग गया." मी फोनमधलं पंचांग उघडलं, त्याचं सेटिंग बहुतेक दिल्लीवालं होतं, त्यातही तेच! भाद्रपद कृष्ण प्रतिपदा. श्रावण खल्लास! आणि मी, दोन पुरावे हातात असलेला माणूस, थेट बाजारात गेलो आणि सहा बांगडे घेऊन आलो.

आई दारातच. "हे काय?"

"आई, भाद्रपद लागला."

"भाद्रपद लागला? मग गणपतीची चवथ कुठेय? माटोळी बांधलीस?"

इथे मला कळलं की अभ्यास कमी पडला.

भानगड अशी आहे की महिन्याचं नाव पौर्णिमेवरून पडतं, त्या दिवशी चंद्र साधारण श्रवण नक्षत्राजवळ असतो म्हणून श्रावण. ही पौर्णिमा सगळ्यांची एकच, त्यात भांडण नाही. भांडण आहे ते पौर्णिमेला महिन्यात कुठे बसवायचं याचं. आम्ही गोवा, महाराष्ट्र, कर्नाटकवाले अमान्त, म्हणजे महिना अमावस्येला संपवतो, त्यामुळे पौर्णिमा मधोमध येते. उत्तरेत पूर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमा झाली की महिनाच संपला. मग शुक्ल पक्ष दोघांचाही श्रावणच राहतो, पण पौर्णिमेनंतरचे जे पंधरा दिवस आमच्यासाठी श्रावण वद्य, तेच भाभींसाठी भाद्रपद कृष्ण. आणि आमचा आषाढ वद्य हा त्यांचा श्रावण कृष्ण. म्हणून त्या आमच्यापुढे पंधरा दिवस.

सण मात्र हलत नाही हां. 26 ऑगस्टला जन्माष्टमी, आईच्या मते श्रावण वद्य अष्टमी, भाभींच्या मते भाद्रपद कृष्ण अष्टमी, कृष्ण त्याच रात्री बाराला जन्मला, दोन्ही घरी पाळणा हलला. दिवाळीचंही तसंच, लक्ष्मीपूजनाची अमावस्या आमची आश्विनातली आणि त्यांची कार्तिकातली. फटाके एकाच रात्री. चवथ आणि राखी शुक्ल पक्षातल्या, तिथे नावसुद्धा एकच.

म्हणजे माझी आयडिया तत्त्वतः बरोबर होती असं मला अजून वाटतं. श्रावण आमच्या पद्धतीने सुरू करायचा आणि त्यांच्या पद्धतीने संपवायचा, 5 ते 19 ऑगस्ट, पंधरा दिवसांत मोकळे. शुक्ल पक्ष तर दोघांनाही मान्य ना!

आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत असली की मला भीती वाटते. मग तिने भाभींना हाक मारली.

"भाभी, तुम्हारा सावन कब लगा था?"

"बाईस जुलाई, माँजी."

आई माझ्याकडे वळली. "म्हणजे 1 ते 4 ऑगस्ट तू जे हादडलंस ते त्यांच्या भर श्रावणात. त्यांचं पंचांग घ्यायचं तर अख्खं घे. आणि आमचं घेतलंस तर अमावस्येपर्यंत हात लावायचा नाही." म्हणजे त्यांच्या पंचांगात मी आधीच पापी, आमच्यात व्हायच्या बेतात. ती एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं, पण शिक्षा म्हणून तिला दोन्ही श्रावणांचे सोमवार आठवले, दोघींचे पाच-पाच, तीन कॉमन, एकूण सात, आणि "निघून गेलेले दोन पुढे भरून काढ" असं फर्मान.

तरी 2024 बरं. 2023 ला अधिक श्रावण आला तेव्हा बिचाऱ्या भाभी 4 जुलैपासून 31 ऑगस्टपर्यंत सावनातच होत्या. अधिक महिना कायम दोन अमावस्यांच्या मध्येच बसतो, आमच्याकडे तो आधी अख्खा आटपतो आणि मग निज श्रावण चालू, पण पूर्णिमान्तात तो महिन्याच्या पोटातच शिरतो, सावनाचा अर्धा भाग अलीकडे अन् अर्धा पलीकडे. आठ सोमवार! मी तेव्हा त्यांच्या नादी लागलो नाही हे नशीब.

बांगडे? ते खालच्या मजल्यावरच्या आंटीकडे गेले. तिचा ऑगस्ट 31 तारखेला संपतो, वद्य नाही, शुद्ध नाही. संध्याकाळी तिने रेशाद मसाला भरून तळले, आणि मी खतखतं कालवत होतो तेव्हा तो वास खिडकीतून वर आला. आईने उठून खिडकी लावली.