दहापट चुकलेलं उत्तर आणि सरांना लिहिलेलं पत्र

भाचा लातूरला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिड-सेमच्या पेपरात बीमच्या डिफ्लेक्शनच्या, म्हणजे लोडखाली बीम किती वाकतो याच्या गणिताला त्याला आठपैकी शून्य मिळाला. फेरतपासणीसाठी सरांना लिहिलेलं पत्र त्यानं आधी मला वाचायला पाठवलं. मी स्टील शेडची डिझाईनं करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: लेकराला मार्क मिळायलाच पाहिजेत. पण पूर्ण आठ नाहीत.

गणित असं. ४ मीटरचा सिम्पली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोकांना नुसता टेकलेला बीम, मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल म्हणजे सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला लोड, स्टीलचा ताठरपणा E २०० गिगापास्कल, बीमच्या छेदाच्या आकारावरून येणारा I ८००० सेमी⁴. सूत्र त्यानं बरोबर घेतलं, 5wL⁴/384EI. लोडही न्यूटन प्रति मिमीमध्ये १० च लिहिला. इथं बरीच पोरं दहा हजार लिहून बसतात. घसरला तो I पाशी. एका सेंटीमीटरचे १० मिमी, म्हणून सेमी⁴ चे मिमी⁴ करताना १०,००० नं गुणायचं. यानं १,००० नं गुणलं. I छेदात असल्यामुळे उत्तर दहापट फुगलं, २.०८ मिमीच्या जागी २०.८ मिमी.

आता नुसतं शेवटचं उत्तर बघून तपासणं का चुकीचं, ते बघा. एखाद्यानं हाच बीम कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का धरलेला समजून wL⁴/8EI वापरलं, तर युनिट सगळी बरोबर असूनही उत्तर २० मिमी येतं. २०.८ आणि २० शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच चूक वाटतात. पण त्या दुसऱ्याला बीम कुठं टेकलाय हेच कळलं नाही, आणि आमच्या पोराचा एक शून्य राहिला. हा फरक मधल्या ओळी वाचल्याशिवाय दिसत नाही.

मार्क कापायचेही कारण आहे. आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकात साध्या मजल्याच्या बीमच्या डिफ्लेक्शनला स्पॅन भागिले ३००, म्हणजे इथं १३.३ मिमीची मर्यादा. २०.८ आल्यावर पेन थांबायला हवा होता. दोन मार्क गेले तर माझी तक्रार नाही.

त्याच्या पहिल्या मसुद्यात घरची परिस्थिती, रात्रीची जागरणं, "कृपया सहानुभूतीने विचार व्हावा" असं सगळं होतं. चूक कोणत्या ओळीत, याचा पत्ता नव्हता. सरांच्या टेबलावर शंभर पेपरांचा गठ्ठा असतो, त्यांना नेमकी जागा दाखवायला हवी. ते सगळं काढायला लावलं. आता पत्रात एवढंच आहे:

"आदरणीय सर, प्रश्न २ ब च्या उत्तरात चौथ्या ओळीत I चे रूपांतर करताना मी १०⁴ ऐवजी १०³ ने गुणले आहे. ही चूक मला मान्य आहे. सूत्र, लोड आणि पुढची आकडेमोड त्या I नुसार बरोबर आहे. चौथ्या ओळीत ८ × १०⁷ मिमी⁴ घातल्यास उत्तर २.०८ मिमी येते. त्या ओळीचे आणि अंतिम उत्तराचे गुण वगळून बाकी पायऱ्यांचे गुण द्यावेत, ही विनंती."

सोमवारी तो हे पत्र उत्तरपत्रिकेच्या त्या पानाच्या झेरॉक्ससकट केबिनमध्ये देणार आहे.