तासगावच्या ‘एका दुकानदारा’ला उत्तर

दुकानाच्या वेबसाइटवर ‘नेहमीचे प्रश्न’ हे प्रश्नोत्तरांचं पान कसं लिहावं, या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: लेख सजवलाय छान, पण दुकानात कधी बसला नाहीत हे ओळीओळीत कळतं. आपल्याकडं लोक वाचत नाहीत, फोन करतात. ‘नेहमीचे प्रश्न’ हे पान म्हणजे वेबसाइटवाल्यांची बिल वाढवायची युक्ती. गूगलनंही ते दाखवणं बंद केलंय, एवढं तरी बघून लिहायचं. आणि सगळं लिहूनच ठेवलं तर गिऱ्हाईक फोन कशाला करेल, आणि फोनच नाही आला तर विक्री कशी होणार? – एक दुकानदार, तासगाव

उत्तर:

साहेब,

‘एक दुकानदार’ हे नाव नव्हे. माझं नाव पानाच्या डोक्यावर आहे, मोबाइल नंबर तळाला आहे. चूक दाखवायला कुणाची ना नाही, पण तोंड झाकून टोमणा मारायचा आणि वर ‘एवढं तरी बघून’ म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही. असो.

आधी कबुली देतो, म्हणजे पुढं मोकळेपणानं भांडता येईल. गूगलचं तुमचं बरोबर. शोधनिकालात प्रश्नोत्तरांची ती उघडमीट होणारी यादी ऑगस्ट २०२३ पासून गूगलनं नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटींपुरतीच ठेवली. माझ्या लेखात, हे प्रश्नोत्तरांचं पान आहे असं गूगलला सांगणारं `FAQPage` चं मार्कअप लावा, असा एक परिच्छेद होता, तो शिळा निघाला. काल रात्री काढून टाकला. पण ती यादी म्हणजे दारावरचं तोरण. दुकान आत आहे, आणि हे पान आत आलेल्या माणसासाठी असतं. बिलाचं म्हणाल तर ज्यानं तुमचं बिल वाढवलं त्याच्याशी बोला. मावसभावाच्या दुकानाचं असं पान लिहून मला मिळाला दोन किलो बेदाणा.

आता ते दुकानात न बसण्याचं.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. सहावीपासून मी त्या गल्ल्यामागं बसलोय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, भिजलेली पोती टाकून दिली, नवा माल भरला. पहिल्या दिवसापासून येणारा प्रत्येक माणूस पोत्यात हात घालून एकच विचारायचा, ‘‘भिजल्यालं न्हाई न्हवं ह्ये?’’ दिवसाला चाळीस वेळा तेच उत्तर. बाबांचा घसा बसला. तेव्हा मी हुशारी करून फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, ‘आमच्याकडे उत्तम प्रतीचा माल मिळेल.’ एकानंही ते वाचलं नाही. वाचलं असेल तर विश्वास ठेवला नाही, कारण दुसऱ्या मिनिटाला तोच प्रश्न.

बाबांनी ते पुसलं आणि लिहिलं, ‘पुरात भिजलेला सगळा माल टाकून दिला. हा माल पुरानंतर भरला आहे. खरेदीची बिलं बघायला मागा.’

बस्स. दुसऱ्या दिवसापासून लोक फळा वाचायचे, मान हलवायचे, आणि ‘दोन किलो तूरडाळ द्या’ म्हणायचे. बिल मागणारे फार तर तिघे निघाले असतील. प्रश्नोत्तरांचं पान कसं लिहायचं ते मी त्या फळ्यावर शिकलो, कुठल्या शिबिरात नाही. गिऱ्हाइकाच्या मनात भीती कशाची, तर भिजल्याची. मग ‘भिजलेला’ हा शब्द उत्तराच्या पहिल्याच वाक्यात यायला हवा. माझ्या ‘उत्तम प्रती’मध्ये तो शब्द टाळला होता, म्हणून तो फळा मुका राहिला.

त्याच फळ्याचा दुसरा धडाही सांगतो, तो तुमच्या बाजूचा आहे. बाबा हट्टी. फळा पुढच्या पाडव्यापर्यंत तसाच राहिला. मग नवं गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, ‘‘अजून पुरातला माल हाय व्हय?’’ उत्तर शिळं झालं की तेच प्रश्न पैदा करतं. म्हणून पानावर प्रत्येक उत्तराखाली शेवटचं कधी तपासलं तो महिना लिहा, असं मी लेखात म्हटलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

आता मावसभावाचं दुकान. सांगलीतच विश्रामबागेत आहे, बेदाणा, हळद आणि भडंग, वेबसाइटवरून ऑर्डर. पान त्याच्याकडं आधीपासून होतं, बनवणाऱ्यानं दिलेलं: ‘आमचे ध्येय काय?’, ‘आम्हालाच का निवडावे?’ असे प्रश्न जन्मात कुणी विचारलेत का? फोन दिवसभर वाजतच होता.

मी पुतण्याच्या हातात एक वही दिली. चौदा दिवस, प्रत्येक फोन आणि व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक प्रश्न त्यात लिहायचा, आणि समोरच्यानं उच्चारला तसाच लिहायचा. हीच अट सगळ्यात अवघड. पोरगं पहिल्या दिवशी ‘वितरण कालावधी’ असं लिहायला लागलं. वितरण कालावधी कुणी विचारत नाही. बाई विचारते, ‘पुण्याला कधी मिळंल?’ पानावर मथळा तोच यायला हवा, कारण वाचणारा आपला प्रश्न नजरेनं शोधतो, आणि ओळखीचा शब्द दिसला नाही तर सरळ नंबर दाबतो.

चौदा दिवसांत ९६ नोंदी झाल्या. त्यातल्या ३१ ‘कधी मिळंल’ या जातीच्या, १९ बेदाण्याला गंधक मारता का या जातीच्या, बाकीच्या फुटकळ. कधी मिळेल याचं जुनं उत्तर होतं ‘जलद व सुरक्षित डिलिव्हरी’. ते काढून लिहिलं: ‘दुपारी १ पर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी कुरियरला जाते. सांगली, कोल्हापूर, सातारा २ दिवस, पुणे-मुंबई ३ दिवस. शनिवारी दुपारनंतरची ऑर्डर सोमवारी निघते.’ शनिवारचं वाक्य वहीतून आलं. सोमवारी सकाळी फोनांची जी झुंबड उडायची, ती सगळी शनिवारच्या ऑर्डरवाल्यांची असायची.

गंधकाचं प्रकरण मात्र नाजूक. तुम्ही बेदाण्याच्या तासगावचे, तुम्हाला मी काय सांगणार. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडवर टाकतात, आणि रंग राखायला गंधकाची धुरी देतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे अर्धवट माहीत असतं, म्हणून तो घाबरून विचारतो. मावसभाऊ म्हणाला, ‘‘लिहू नको रे, विचारणार नाहीत तेही विचारायला लागतील.’’ म्हणून आम्ही आधी लिहिलं, ‘आमचा बेदाणा नैसर्गिक पद्धतीने तयार होतो.’ पुढच्या आठवड्यात फोन कमी व्हायचे सोडून लांबले. ‘‘नैसर्गिक म्हणजे काय हो? गंधक मारता का नाही ते सांगा.’’ म्हणजे माझा तो जुना फळाच पुन्हा. मग लिहिलं ते असं:

```html
<h3 id="gandhak">बेदाण्याला गंधक मारता का?</h3>
<p>पिवळ्या बेदाण्याला हो, रंग टिकण्यासाठी. आमच्या
काळ्या बेदाण्याला नाही. सल्फाइटची नोंद पाकिटावर आहे.
दमा किंवा सल्फाइटची अॅलर्जी असेल तर काळाच घ्या.</p>
```

शेवटची दोन वाक्यं शोभेची नाहीत. सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ते लेबलवर सांगावंच लागतं, आणि पानावर एक, पाकिटावर दुसरं असलं तर गिऱ्हाईक ते दोन्ही फोटो काढून पाठवतं. आधी पाकीट वाचून मग पान लिहायचं.

दुसरी मोजणी आम्ही दिवाळी टाळून केली. सणात ऑर्डरी वाढतात, त्याबरोबर फोन वाढतात, आणि पान निकामी ठरल्यासारखं वाटतं. ऑर्डरी जवळपास पहिल्याएवढ्याच होत्या त्या चौदा दिवसांत गंधकाचे प्रश्न १९ वरून ४ वर आले, ‘कधी मिळंल’चे ३१ वरून १४ वर. हे १४ मला खटकले, म्हणून वही पुन्हा चाळली. त्यातले बरेचसे ‘माझं पार्सल निघालं का?’ असे होते. तो प्रश्न पान सोडवूच शकत नाही, कारण त्याचं उत्तर माणसागणिक वेगळं. त्याला औषध एकच, पार्सल निघताना ट्रॅकिंग नंबरचा मेसेज. इथं पान हरतं, हे मी मान्य करतो. तुम्ही हे म्हणाला असता तर मी हात जोडले असते. तुम्ही म्हणालात, लोक वाचत नाहीत.

अहो, नाही वाचत, मान्य. म्हणून तर प्रत्येक प्रश्नाला वर ते `id` दिलंय. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात. पुतण्यानं `/gandhak` टाइप केलं की तयार मजकूर येतो आणि खाली लिंक, शेवटी `#gandhak`. दाबली की पान थेट त्या प्रश्नावर उघडतं. फोन आला तरी तो तेच वाक्य वाचून दाखवतो. पूर्वी तो एक सांगायचा, त्याची आई दुसरं आणि मावसभाऊ तिसरंच. निम्मे फोन त्या तीन उत्तरांची जुळणी करायला परत यायचे. आणि दहा-बारा प्रश्नांच्या पानावर उत्तरं त्या अधिकच्या चिन्हामागं लपवू नका. माझ्या आईला ते चिन्ह दाबायचं असतं हेच माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘नुसते प्रश्नच लिहिलेत की रे.’’

फोन नाही तर विक्री कशी, यावर फार लिहीत नाही. पन्नास किलोवाला घाऊक गिऱ्हाईक फोनच करणार, त्याचा भाव पानावर लिहायचाच नसतो. पाव किलोवाल्याला शनिवारचं कुरियर समजावण्यात जी दहा मिनिटं जातात, त्यात तुमची कुठली विक्री होते ते तुम्हालाच ठाऊक.

बेदाण्याच्या सौद्याला मी मावसभावाबरोबर तासगावला येतो. भेटलात तर वही दाखवतो, दोन्ही मोजण्यांची पानं त्यात आहेत, पोराच्या अक्षरात. तेवढं नाव मात्र सांगा.