फरक 38 हजारांचा म्हणे, मग सहा लाख कुठे गेले?

साहेब,

"वर्षअखेर स्टॉकमध्ये फरक फक्त 38 हजार, त्यासाठी साडेतीन लाखांचे स्कॅनर कशाला?" पेनानं एवढी एक ओळ खरडून गोडाऊनला बारकोड स्कॅनर मागणारा माझा अर्ज परत आला. आत तक्ते होते, डेबिट नोटांच्या झेरॉक्स होत्या, गेट रजिस्टरची पानं होती, त्यातलं एकही पान उलटलेलं नाही हे त्या ओळीवरूनच कळालं. म्हणून आता तक्ता बिक्ता काही नाही, सरळ मराठीत लिहितो, वाचा.

पहिलं त्या 38 हजाराचं. मार्चच्या मोजणीत काही पार्ट कमी निघाले ते 5,12,000 रुपयांचे आणि काही जास्त निघाले ते 4,74,000 चे. अकाउंट्सनं एकातून दुसरं वजा केलं, खाली 38,000 लिहिलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं. घरात एक पोरगं उपाशी झोपलं आणि दुसऱ्यानं दोघांचं खाल्लं तर भाकरीचा हिशोब बरोबर येतो की, म्हणून सगळी जेवली म्हणायचं काय? गिऱ्हाइकाला जो पार्ट पाहिजे तो नाही आणि जो नको तो ढिगानं पडलाय, हे एकमेकांतून वजा होत नाही साहेब. रॅकवर जाऊन बघितलं तर चूक जवळजवळ दहा लाखांच्या मालात आहे. बॅलन्सशीटला 38 हजार चालत असेल, गोडाऊनला चालत नाही.

आणि ज्याच्यामुळं मी परत लिहायला बसलोय ती परवाची पुण्याची गाडी. त्यात तर पुस्तकातला फरक शून्य आहे, चक्क शून्य, आणि खर्च साठ हजारांच्या वर. कसा ते सांगतो.

4471 म्हणजे राइटचं हाऊसिंग, 4477 म्हणजे लेफ्टचं. दोन्ही एकाच रंगाची, एकाच वजनाची, कास्टिंगवर नंबर आहे पण वर गंजू नये म्हणून मारलेलं तेल आणि तेलावर उद्यमबागेतली धूळ, बोटानं पुसल्याशिवाय दिसत नाही. मशीन शॉपमधून रात्रपाळीला दोन्हींचे पॅलेट एकदम आले आणि 80-80 नगांचे दोन पॅलेट अदलाबदल होऊन रॅकला लागले. लेफ्टचे 80 राइटच्या रॅकमध्ये, राइटचे 80 लेफ्टच्या. महिन्याच्या मोजणीला पोरांनी नग मोजले, 4471 च्या रॅकमध्ये कार्डावर 240, हातात 240. बरोबर! 4477 चं पण बरोबर! मोजणारा नग मोजतो, प्रत्येक नगावरचं तेल पुसून नंबर वाचत नाही, आणि तसं वाचायला लावलं तर महिनाभर मोजणीच चालेल. बिन कार्डावर हातानं लिहिलेला 1 आणि 7 तर एकसारखाच दिसतोय, त्यात गेल्या जुलैत पत्र्यातनं पाणी गळून निम्मी कार्डं भिजली. त्या पत्र्याचा अर्ज पण अजून तुमच्याकडेच आहे.

ऑर्डर आली 240 राइटची. कागदावरची लिस्ट घेऊन हमाल गेले, 4471 च्या रॅकमधले सगळे 240 काढले, गाडी भरली, बिल झालं, ई-वे बिल झालं. पुण्यात तपासणीत 80 लेफ्ट निघाले. तिथनं फोन आला तो संध्याकाळी, लाइन थांबणार म्हणून. आमच्या सिस्टिममध्ये तर राइट संपलेलं! कुठलं द्यायचं? तीन माणसं थांबवून एकेक पॅलेट खाली घेऊन तेल पुसत शोधलं तेव्हा लेफ्टच्या रॅकमध्ये सापडलं. मग रातोरात वेगळा टेम्पो, तवंदी घाट, कोगनोळी, पुढं कागल-सातारा रस्त्याचं काम, सकाळी कसाबसा पोचला.

टेम्पो 15,500. ओव्हरटाइम 2,700. गिऱ्हाइकानं लाइन अडकली आणि माल वेगळा करायला माणसं लावली म्हणून डेबिट नोट फाडली 42,000 ची. झाले 60,200. आणि चुकीचे 80 लेफ्ट त्याच टेम्पोतनं परत आले, राइट तिकडं गेले, क्रेडिट नोट, नवीन बिल, सगळं जिथल्या तिथं. मार्चला मोजा, एक नगाचा फरक निघणार नाही. म्हणजे तुमच्या हिशोबानं ही चूक झालीच नाही.

आणि झालीच नाही तर हमालांचे पैसे कशाला कापले? "लोडिंगवाल्यांनी बघून भरायला पाहिजे होतं" म्हणून दोघांचे कापले. खानापूरच्या पहिल्या गाडीनं येणारी माणसं ती, त्यांच्या हातात जी लिस्ट दिली त्या रॅकमधलाच माल त्यांनी काढला. चूक आठ दिवस आधी रॅक लावताना झाली, तेव्हा ते कामावर पण नव्हते. याचा राग मला 60 हजारांपेक्षा जास्त आहे, स्पष्ट सांगतो.

आता गेल्या आर्थिक वर्षाचं, पुण्याची गाडी यात नाही. चुकीच्या आणि कमी मालाच्या डेबिट नोटा आणि तातडीच्या गाड्या मिळून 3,54,000. सिस्टिममध्ये आहे पण सापडत नाही म्हणून मशीनचं चालू काम उतरवून घाईत परत सेटिंग लावून बनवलेला माल, त्याचा जादा खर्च 1,46,000. मग ते हरवलेलं सापडतंच, सापडल्यावर डबल होऊन पडून राहतं. असा साधारण नऊ लाखांचा माल वर्षभर उभा होता, कॅश क्रेडिटचं व्याज 11 टक्क्यांनी धरलं तर 99,000. वर तुमचे 38,000 आहेतच. बेरीज 6,37,000. मार्चला दोन दिवस डिस्पॅच बंद ठेवून सगळी फॅक्टरी मोजायला लावतो त्याची मजुरी मी धरलेलीच नाही, आणि राइट-ऑफ केलेल्या मालाचं जीएसटी इनपुट क्रेडिट परत करावं लागतं ते पण नाही.

स्कॅनर आला की सहाचे सहा लाख वाचतील असं मी म्हटलेलं नाही, अर्जात पण नव्हतं. स्कॅनर नग मोजत नाही. बिनवर 50 चं लेबल असेल आणि आत 48 असतील तर तो 50 च म्हणणार. त्याला ठरलेल्या नगाचे बिन आणि मोजणीचा वजनकाटा लागतो, ती वेगळी गोष्ट. म्हणून नुसत्या कमी नगांच्या तक्रारी मी बाजूला काढल्या, राहिल्या चुकीच्या पार्टच्या, 2,61,000 च्या. हरवलेला आणि डबल झालेला माल मिळून 2,45,000 होतात, त्यातलं निम्मंच धरलं, 1,22,500. एकूण 3,83,500.

खर्च बघा. हातातले चार स्कॅनर 38,000 प्रमाणे 1,52,000. लेबल प्रिंटर 45,000. रॅकच्या लोखंडात वाय-फाय मरतं म्हणून तीन ॲक्सेस पॉइंट आणि केबल 36,000. सिस्टिमला जोडायचं सॉफ्टवेअर 1,10,000. झाले 3,43,000, पुढं दरसाल लेबलं, रिबन, बॅटरी, दुरुस्तीला 60,000. दरवर्षी निव्वळ 3,23,500 हातात राहतात, म्हणजे तेरा महिन्यांत पैसे वसूल. मी हात आखडून धरलेले आकडे आहेत हे.

पर्चेसवाल्यांनी कुठनं तरी स्वस्त प्रिंटरचं कोटेशन आणलं आणि मी उधळतोय असं सांगितलं म्हणे. तो साधा थर्मल आहे, वजनकाट्याच्या पावतीसारखा कागद. आमच्या तेलात आणि एप्रिलच्या पत्र्याखालच्या उन्हात ते अक्षर महिन्यात उडून जातंय किंवा कागद काळा होतोय. रिबनवाला प्रिंटर आणि प्लॅस्टिकचं लेबलच पाहिजे, नाहीतर चार महिन्यांनी स्कॅनर आहेत आणि वाचायला काही नाही अशी गत होणार, आणि त्याचं खापर पण माझ्याच डोक्यावर.

"मोबाईलच्या कॅमेऱ्यानं करा की" हे मीटिंगमध्ये म्हटलं त्यांनी एकदा पाळीला उभं राहून दाखवावं. तेलकट हातमोजा, अंधारा रॅक, फोकस होईपर्यंत पोरगा कंटाळतो आणि हातानं नंबर टाइप करतो, म्हणजे आलो परत 1 आणि 7 वर. कॅमेरे लावायला मात्र पैसे होते. भिंतीभर कॅमेरे लावलेत, पॅलेट कुणी ठेवलं ते दिसतंय, पॅलेटात लेफ्ट आहे का राइट ते दिसत नाही. माणसावर नजर ठेवायला पैसे आहेत, मालावर ठेवायला नाहीत!

स्कॅनरनं नेमकं काय होतं ते ऐका. मशीन शॉपमधनं बिन निघतानाच तिथं लेबल लागतं. रॅकला ठेवताना पोरगा आधी बिन मारतो मग रॅकचं लेबल मारतो, लेफ्टचा बिन राइटच्या रॅकवर मारला की यंत्र कोकलतं आणि पुढं जाऊ देत नाही. परवाची चूक तिथंच, त्या रात्रीच मेली असती. काढताना परत तेच. फक्त प्रत्येक बिनच्या लेबलला वेगळा क्रमांक पाहिजे, नुसता पार्ट नंबर नको, नाहीतर पोरं घाईत एकाच लेबलवर दहा वेळा मारून मोकळी होतात, किंवा लेबलांची झेरॉक्स टेबलाजवळ चिकटवून बसल्या जागी स्कॅन करतात. हे बाकीच्या कारखान्यांत झालेलं मी ऐकलंय, म्हणून सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये ते आधीच लिहून घेतलंय, ते पण तुम्ही वाचलेलं नाही.

चार जमत नसतील तर दोन द्या, प्रिंटर द्या, आणि फक्त हाऊसिंगच्या रॅकला लावू द्या. तीन महिने बघा, डेबिट नोटा मी स्वतः फाइल करून आणून देतो, कमी झाल्या नाहीत तर स्कॅनर काढून घ्या.

आणि दोन गोष्टी. त्या दोघा हमालांचे कापलेले पैसे या पगारात परत द्यायचे. दुसरं, महिनाअखेरीला बँकेला जे स्टॉक स्टेटमेंट जातंय त्यावर माझी सही असते, "प्रत्यक्ष मोजून बरोबर" असं लिहून. ते बरोबर नाही हे मला माहीत आहे आणि आता तुम्हाला पण माहीत आहे. स्कॅनरचं काहीतरी लेखी मिळेपर्यंत ती सही मी करणार नाही. ज्यांना 38 हजारांचा फरक बरोबर वाटतोय त्यांनी करावी.

गोडाऊन मॅनेजर