‘मागचं काढून टाक’ म्हणजे नेमके काय काढायचे?

फोटो एडिट करून देण्याची विनंती बहुतेक वेळा एका ओळीत येते. ‘जरा नीट करून दे’, ‘थोडा उजळ कर’, ‘मागचं काढून टाक’. पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तयार फोटो स्पष्ट असतो, त्यामुळे ही ओळ त्याला पुरेशी वाटते. काम करणाऱ्यासाठी मात्र त्या एका ओळीत तीन-चार वेगवेगळी कामे दडलेली असतात, आणि त्यांतले एक पाच मिनिटांचे असते तर दुसरे दोन तासांचे. गेल्या महिन्यात माझे असे दोन तास वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एका परिचित ताईंनी त्यांच्या वडिलांचा फोटो पाठवला. आजोबा खुर्चीत बसलेले, उजवीकडे खिडकी, डावीकडे पिवळ्या बल्बचा दिवा, मागे कपाट आणि डाव्या कडेला कुणाचा तरी अर्धा हात. सोबत संदेश होता, ‘दादा, मागचं काढून टाका आणि रंग जरा नीट करा.’ मी ‘मागचं’ याचा अर्थ संपूर्ण पार्श्वभूमी असा घेतला. आजोबांचे केस पांढरे आणि विरळ, मागचे कपाटही फिकट रंगाचे. अशा ठिकाणी केस कुठे संपतात आणि कपाट कुठे सुरू होते हे सॉफ्टवेअरला आपोआप नेमके ओळखता येतेच असे नाही. एक तर केसांचे पुंजके कापले जातात आणि डोके टोपी घातल्यासारखे गुळगुळीत दिसते, नाही तर केसांच्या कडेला कपाटाच्या रंगाची झालर राहते. ही झालर पांढऱ्या पार्श्वभूमीवर सहज लपते. म्हणून कापलेली आकृती मी नेहमी एकदा गडद करड्या रंगावर आणि एकदा भडक रंगावर ठेवून पाहतो, कारण राहिलेली कड तिथे लगेच उघडी पडते. ते सगळे करून मी फोटो पाठवला, तेव्हा ताईंचे उत्तर आले, ‘अहो, कपाट राहू द्यायचं होतं, बाबांचंच आहे ते. फक्त तो हात नको होता.’

त्यांचे काहीच चुकले नव्हते. मराठीत ‘मागचं काढ’ म्हणजे मागची नको असलेली वस्तू पुसणे, सगळी पार्श्वभूमी कापून माणूस वेगळा करणे, पार्श्वभूमी धूसर करणे, किंवा चौकट लहान करून नको तो भाग बाहेर टाकणे, यांपैकी काहीही असू शकते. विचारायला मी हवे होते, आणि विचारायचा पहिला प्रश्न ‘काय काढू?’ हा नव्हे, तर ‘हा फोटो कुठे लावणार किंवा वापरणार आहात?’ हा आहे. त्याच्या उत्तरातून बाकीची निम्मी उत्तरे आपोआप निघतात.

ताईंना तो फोटो भिंतीवर लावायचा होता, 8 बाय 10 इंचांच्या उभ्या फ्रेममध्ये. हे आधी कळले असते तर काम कसे झाले असते ते पाहा. मूळ फोटो आडवा होता, 4000 बाय 3000 पिक्सेलचा. त्यातून 8 बाय 10 च्या प्रमाणात उभा भाग घ्यायचा, तर पूर्ण उंची ठेवूनही रुंदी फक्त 2400 पिक्सेल राहते, म्हणजे आडव्या बाजूचे 1600 पिक्सेल कापावेच लागतात. तो हात डाव्या कडेलाच होता, त्यामुळे तो या कापण्यातच बाहेर गेला. खुर्चीच्या पाठीवर टेकलेली तीन बोटे तेवढी उरली, आणि ती क्लोन करून, म्हणजे शेजारच्या भागाची नक्कल त्यावर बसवून, पुसायला पाच मिनिटे लागली. केसांना हात लावण्याची गरजच नव्हती. डोक्याच्या वर आणि दोन्ही खांद्यांच्या बाजूला थोडी मोकळी जागा मात्र मी मुद्दाम राखली, कारण फ्रेमची पट्टी चारही कडांवर फोटोचा काही मिलिमीटर भाग झाकते.

कापायचे कुठे हे ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी लागते, ती म्हणजे मूळ फाइल. ताईंनी आधी मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला होता, आणि माझ्यापर्यंत तो 1600 बाय 1200 पिक्सेलचा होऊन पोहोचला. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण त्या लहान फाइलमधून उभा भाग कापला तर 960 बाय 1200 पिक्सेल उरतात, म्हणजे 8 बाय 10 इंचांवर दर इंचाला 120 पिक्सेल. मूळ फाइलमधून हाच आकडा 300 येतो, आणि जवळून पाहायच्या छपाईसाठी साधारणपणे तेवढाच धरतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. स्क्रीनशॉट काढून पाठवलेल्या फोटोवर तर मी आता काम सुरूच करत नाही.

राहिला रंग. ‘रंग नीट करा’ हे वाक्य मला सर्वांत अवघड वाटते, कारण त्यात एक प्रश्न लपलेला असतो आणि त्याचे उत्तर फोटोत नसते. बल्बचा प्रकाश पिवळा, खिडकीतला निळसर. आजोबांचा एक गाल केशरी आणि दुसरा राखट दिसत होता. सबंध फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पिवळ्या-निळ्या छटांचा तोल, एकाच दिशेने सरकवला की एक बाजू सुधारते आणि दुसरी तेवढीच बिघडते, म्हणून मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात. त्यासाठी फोटोत ज्याचा रंग निश्चित माहीत आहे अशी एखादी वस्तू हवी. मी आजोबांचा शर्ट पांढरा समजून त्यावर ड्रॉपर, म्हणजे ‘ही जागा पांढरी धर’ असे सॉफ्टवेअरला सांगणारे साधन, टेकवला, तर चेहरा एकदम थंड, निळसर झाला, आजारी माणसासारखा. तेव्हा मी ताईंना विचारले, ‘शर्ट पांढराच आहे ना?’ त्या म्हणाल्या, ‘नाही, क्रीम रंगाचा आहे. पांढरा तो चष्म्याचा रुमाल, मांडीवरचा.’ त्या रुमालावर ड्रॉपर टेकवल्यावर त्वचा जागेवर आली.

‘उजळ करा’ असे कुणी म्हटले तर तिथेही विचारावे लागते, की सगळा फोटो अंधारा वाटतो की फक्त चेहरा सावलीत आहे. त्वचेचा रंगच बदलून हवा आहे असे उत्तर आले, तर मी ते काम करत नाही. त्या माणसाची मुले-नातवंडे पुढे तोच रंग खरा धरून चालतील. आणि खिडकीलगतचा भाग जिथे पूर्ण पांढरा फुटला आहे, तिथे कोणत्याही साधनाने तपशील परत येत नाही, कारण फाइलमध्ये तो नोंदलेलाच नसतो. अशा वेळी ‘त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो आहे का?’ हा प्रश्न तासभराच्या खटपटीपेक्षा उपयोगी पडतो. ताईंकडे असे आणखी चार फोटो निघाले, आणि त्यांतल्या एकात आजोबांचा खिडकीकडचा कान स्वच्छ दिसत होता.

पार्श्वभूमी खरोखरच पूर्ण काढायची असेल, तर तिच्या जागी काय येणार हे सांगा. ‘पांढरी’ आणि ‘पारदर्शक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेपीजी फाइलमध्ये पारदर्शकता टिकत नाही, त्यासाठी पीएनजी मागावी लागते. फ्रेममध्ये लावायच्या फोटोला पारदर्शक पार्श्वभूमीचा काहीच उपयोग नसतो.

ताईंचा संदेश असा आला असता, तर माझे ते दोन तास वाचले असते: ‘दादा, बाबांचा फोटो 8 बाय 10 च्या उभ्या फ्रेममध्ये लावायचा आहे. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली आहे. डावीकडचा हात नको, कपाट राहू द्या. शर्ट क्रीम रंगाचा आहे.’